पॉलिसीवरचं कर्ज पॉलिसीलाच गाठतं तेव्हा: इचलकरंजीतल्या एका मागवाल्याचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. पॉलिसीधारकांना इथे आप्पा म्हणू. मी विमा सल्लागार आहे, पण ही पॉलिसी मी विकलेली नाही. आप्पांची मुलगी सप्टेंबर २०२३ मध्ये एक पाकीट घेऊन माझ्याकडे आली, तिथून माझा या प्रकरणाशी संबंध आला.

पार्श्वभूमी

आप्पांचे इचलकरंजीत साधे माग आहेत, व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारे. ऑगस्ट २००५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी पाच लाखांची पंचवीस वर्षांची बोनससह एंडोमेंट पॉलिसी घेतली, म्हणजे मुदतीअखेर स्वतःला किंवा त्याआधी मृत्यू झाला तर वारसाला रक्कम देणारी. हप्ता वर्षाला २०,४००. पॉलिसीची मुदत ऑगस्ट २०३० मध्ये संपते.

चौदा वर्षं हप्ते वेळेवर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंधरावा हप्ता भरला आणि त्याच महिन्यात पैशांची नड आली. मागांची दुरुस्ती आणि सुताच्या व्यापाऱ्याची जुनी बाकी एकाच वेळी अंगावर आली होती. सावकाराकडे जाण्यापेक्षा पॉलिसीवर कर्ज काढावं असं त्यांच्या त्या वेळच्या एजंटने सुचवलं. सल्ला म्हणून तो चुकीचा नव्हता. जामीन लागत नाही, पगाराचा दाखला लागत नाही. बाँड कंपनीकडे जमा करायचा, पॉलिसी कंपनीच्या नावे करून देण्याच्या, म्हणजे असाइनमेंटच्या, कागदावर सही करायची, की काही दिवसांत रक्कम खात्यात येते. असं कर्ज घेतल्याने वारसाचं नामांकनही रद्द होत नाही. फक्त वारसाला मिळणाऱ्या रकमेतून कंपनीचं येणं आधी वजा होतं.

कर्ज किती मिळतं हे सरेंडर मूल्यावर ठरतं, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर हातात किती येईल त्यावर. आप्पांच्या पॉलिसीचा हिशेब असा होता: पंचवीसपैकी पंधरा हप्ते भरलेले, म्हणून पाच लाखांचे पंधरा पंचविसांश, ३,००,०००. त्यावर चौदा वर्षांचा जमा बोनस, वर्षाला २२,००० प्रमाणे, ३,०८,०००. बेरीज ६,०८,०००. पण ही रक्कम २०३० मध्ये मिळायची आहे. आजच मागितली तर कंपनी तिला एका गुणकाने कापते. मुदत जितकी लांब तितका गुणक लहान. तेव्हा तो ०.४३ होता. म्हणून सरेंडर मूल्य साधारण २,६१,०००. चालू पॉलिसीवर त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळत होतं. आप्पांनी जवळजवळ सगळं उचललं, २,३५,०००. व्याज १० टक्के, सहामाही आकारणी. सहामाही व्याज भरलं नाही तर ते मुद्दलात मिळतं आणि पुढच्या सहामाहीला त्यावरही व्याज चढतं.

अडचण कशी वाढली

फेब्रुवारी २०२० चं पहिलं व्याज, ११,७५० रुपये, आप्पांनी भरलं. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली आणि माग थांबले. ऑगस्ट २०२० मध्ये हप्ताही गेला नाही, व्याजही गेलं नाही. त्यानंतर तीन वर्षं एक रुपयाही गेला नाही.

त्या काळात त्यांनी चौकशी केली नव्हती असं नाही. २०२१ मध्ये शाखेत गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की पॉलिसी आता पेड-अप झाली आहे. आप्पांनी त्याचा अर्थ घेतला की पैसे भरून झाले, आता काही द्यायचं नाही, २०३० मध्ये मिळतील ते घ्यायचे. घरीही त्यांनी तसंच सांगितलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची कळ या एका शब्दात आहे. सगळेच्या सगळे हप्ते भरून पूर्ण झालेली पॉलिसी वेगळी, आणि मध्येच हप्ते थांबल्यामुळे भरलेल्या प्रमाणात लहान होऊन उरलेली पॉलिसी वेगळी. बोलताना दोन्हींना पेड-अप म्हणतात. आप्पांची दुसऱ्या प्रकारची होती. तिची रक्कम पाच लाखांवरून तीन लाखांवर आली होती आणि पुढचा बोनस बंद झाला होता. पंधराव्या वर्षाचा बोनस धरून एकूण ६,३०,०००, आणि हा आकडा २०३० पर्यंत हलणार नव्हता.

या फरकाचा कर्जाशी थेट संबंध आहे. हप्ते चालू असलेली किंवा सगळे हप्ते पूर्ण झालेली पॉलिसी, केवळ कर्ज वाढलं म्हणून कंपन्या साधारणपणे मध्येच बंद करत नाहीत. येणं शेवटी दाव्यातून किंवा मुदतपूर्तीच्या रकमेतून वळतं करतात. मध्येच थांबलेल्या पॉलिसीत मात्र मुद्दल आणि व्याज मिळून सरेंडर मूल्याच्या वर गेलं, तर नोटीस देऊन पॉलिसी बंद करता येते. सरेंडर मूल्य कर्जात वळतं होतं, खातं मिटतं, विमाही संपतो.

मुलीने आणलेल्या पाकिटात तीच सूचना होती: व्याज थकलं आहे, भरलं नाही तर पॉलिसी बंद होऊ शकते. आधीची पत्रं जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर गेली होती आणि मेसेज बंद पडलेल्या नंबरवर. हे पत्र जुन्या शेजाऱ्यांनी आणून दिलं.

किती वेळ उरला आहे?

मुलीचा पहिला प्रश्न हाच होता. पत्रात थकलेलं व्याज होतं, सरेंडर मूल्य नव्हतं. नुसत्या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. म्हणून आम्ही शाखेतून एकाच तारखेचे दोन कागद मागितले: कर्जाच्या थकबाकीचा तपशील आणि सरेंडर व्हॅल्यूचं कोटेशन. बरोबर पुढच्या वर्षांचे गुणकही विचारून घेतले.

अशा वेळी एजंट लोक तोंडी एक हिशेब सांगतात: ९० टक्के कर्ज, १० टक्के व्याज, म्हणजे वर्षभरात खेळ खलास. सरेंडर मूल्य जागेवर थांबलं असेल तर तो बरोबर आहे. शंभरावर नव्वद कर्ज घ्या. पहिल्या सहामाहीअखेर ९४.५० होतात, दुसरीअखेर ९९.२३, आणि त्यानंतर महिनाभरात शंभरी ओलांडते. साधारण तेरा महिने. सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या ठरावीक टक्क्यांवरच अडकलेलं असेल आणि हप्ते बंद असतील, तर जवळपास असंच घडतं.

आप्पांच्या बाबतीत तीन वर्षं उलटूनही ते घडलं नव्हतं, कारण मुदत जवळ येईल तसा गुणक वाढत होता. ६,३०,००० तेच, पण त्याची आजची किंमत दरवर्षी सहा-साडेसहा टक्क्यांनी चढत होती. कर्ज मात्र सहामाही चक्रवाढीने वर्षाला सव्वादहा टक्क्यांनी चढत होतं. दोघांतला फरक जेमतेम चार टक्क्यांचा, म्हणून अंतर हळूहळू मिटत होतं.

| ऑगस्ट | कर्ज व्याजासह | सरेंडर मूल्य | प्रमाण |
|---|---|---|---|
| २०२० | २,४६,७५० | २,८६,६५० | ८६% |
| २०२१ | २,७२,०४२ | ३,०५,५५० | ८९% |
| २०२२ | २,९९,९२६ | ३,२४,४५० | ९२% |
| २०२३ | ३,३०,६६९ | ३,४४,६१० | ९६% |
| २०२४ | ३,६४,५६२ | ३,६६,६६० | ९९% |

फेब्रुवारी २०२५ ला कर्ज ३,८२,७९० होणार होतं आणि सरेंडर मूल्य साधारण ३,७८,६००. म्हणजे काहीच केलं नाही तर ऑगस्ट २०२४ नंतरच्या सहा महिन्यांत कर्ज पॉलिसीला गाठणार होतं. हातात वर्षभराचा, फार तर सव्वा वर्षाचा वेळ होता.

मी सगळ्यांना शेवटचा रकाना बघायला सांगतो. कर्ज तीन लाख तीस हजार झालं हे ऐकून माणूस घाबरतो, पण धोका रकमेत नाही, प्रमाणात आहे. आणि प्रमाण कोणत्या दिशेने सरकतं आहे ते दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

समोर असलेले पर्याय

आप्पांचा पहिला कल पॉलिसी मोडून मोकळं होण्याकडे होता. मोडली असती तर ३,४४,६१० मधून ३,३०,६६९ वजा जाऊन हातात १३,९४१ आले असते. आकडा ऐकून ते म्हणाले, “पंधरा वर्षं भरले ते सगळे गेले की मग.” तसं नव्हतं, हे त्यांना सांगावं लागलं. २,३५,००० त्यांनी २०१९ मध्येच उचलले होते. बाकीचं खाल्लं ते साडेतीन वर्षांच्या व्याजाने. पण मोडण्यात एक मोठा तोटा होता, आणि तो मुलीच्या एका वाक्याने पुढे आला: २०२१ पासून आप्पांना मधुमेह आहे. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, साखर असताना, नवा विमा मिळाला तरी महाग पडणार. या लहान झालेल्या पॉलिसीतही त्यांच्या पश्चात घरच्यांना ६,३०,००० मधून कर्ज वजा जाऊन जवळजवळ तीन लाख मिळणार होते. तेरा-चौदा हजारांसाठी ते सोडायचे का, हा खरा प्रश्न होता.

दुसरा पर्याय पॉलिसी पुन्हा चालू करण्याचा. पहिला हप्ता थकल्यापासून पाच वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणजे दार उघडं होतं. चार हप्ते ८१,६०० आणि त्यावरचं विलंब व्याज सुमारे १३,०००, एकूण ९४,६००. हा पर्याय लोक ऐकताच बाजूला सारतात, पण मी तो नीट मांडून बघतो, कारण भरलेला पैसा बराचसा सरेंडर मूल्यात परत दिसतो. एकोणीस हप्ते आणि अठरा वर्षांचा बोनस धरला तर बेरीज ७,७६,००० होते आणि त्याचं सरेंडर मूल्य ४,२४,४७२. म्हणजे ९४,६०० भरून मूल्य जवळजवळ ८०,००० ने वाढतं, पाच लाखांचं संरक्षण परत येतं, आणि पॉलिसी चालू असल्याने ती मध्येच बंद होण्याची टांगती तलवारही जाते. पण प्रकृतीचं प्रमाणपत्र लागणार होतं, कदाचित तपासण्याही, आणि मधुमेह लपवायचा नाही हे मी आधीच स्पष्ट केलं. लपवून चालू केलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी घरच्यांना कोर्टात उभी करते. शिवाय पुढे दरवर्षी २०,४०० हप्ता अधिक कर्जाचं व्याज, हे ओझं त्या घराला पेलणारं नव्हतं.

तिसरा पर्याय सोनं गहाण ठेवून सगळं फेडण्याचा. दर जवळपास सारखाच पडत होता. एक कर्ज काढून दुसरं फेडायचं आणि वर घरातलं सोनं अडकवायचं, यात मला अर्थ दिसला नाही. आप्पांच्या पत्नी तेवढ्यात म्हणाल्या, “अहो, पाटल्या मी देणार नाही.” तो विषय तिथेच संपला, आणि माझ्या मते बरोबर संपला.

चौथा पर्याय थोडी रक्कम एकदाच भरून प्रमाण खाली आणण्याचा आणि पुढे व्याज चुकू न देण्याचा. इथे एक गोष्ट कागदावर मांडताना माझ्याही नव्याने लक्षात आली. वर्षातल्या दोन सहामाही व्याजांपैकी एकच भरलं, तर कर्ज वर्षाला पाच टक्क्यांनी वाढतं. सरेंडर मूल्य सहा टक्क्यांहून जास्त वाढतं. म्हणजे अर्धं व्याज भरत राहिलं तरी कर्ज पॉलिसीला कधीच गाठत नाही. “सगळं भरा नाहीतर जाईल” असं सांगितलं की गरीब घर काहीच भरत नाही. वर्षातून एकदा भरलं तरी पॉलिसी टिकते, हे समजल्यावर आप्पांचा चेहरा बदलला.

काय केलं

दोन माग २०२० पासून बंदच होते. ते भंगारात काढले, मुलीने तिची भिशी उचलली, आणि दोन्ही मिळून ७०,००० सप्टेंबर अखेरीला कर्ज खात्यात भरले. असा भरणा आधी थकलेल्या व्याजात जातो, मूळ उचललेल्या मुद्दलात नाही. त्यामुळे मुद्दल तेच राहिलं म्हणून आप्पांना वाईट वाटलं. पण थकलेलं व्याजही व्याज खात होतंच, त्यामुळे हिशेबात फरक पडत नाही. एकूण देणं सुमारे २,६१,००० वर आलं आणि प्रमाण ९६ वरून ७६ टक्क्यांवर.

त्याच दिवशी पत्ता आणि मोबाइल नंबर बदलून घेतला. भरण्याची पावती घेतली आणि आठ दिवसांनी थकबाकीचा नवा तपशील काढून रक्कम योग्य खात्यात जमा झाल्याची खात्री केली. हे सांगायचं कारण असं की कर्जाचा भरणा चुकून हप्त्याच्या खात्यात अडकून राहिलेला मी दोनदा पाहिला आहे. हप्ते थांबलेले असल्याने तो हप्ता म्हणूनही लागत नाही आणि कर्जही कमी होत नाही.

पुढे काय झालं

फेब्रुवारी २०२४ चं व्याज, सुमारे १३,०५०, वेळेवर गेलं. ऑगस्टचं गेलं नाही, मजुरीचे पैसे अडकले होते. देणं २,७४,०५० झालं. घरात कोणी घाबरलं नाही, कारण एक सहामाही चुकली तरी काय होतं हे त्यांना माहीत होतं. २०२५ ची दोन्ही व्याजं गेली. ऑगस्ट २०२५ ला सरेंडर मूल्य ३,९०,६०० आणि कर्ज २,७४,०५०, म्हणजे प्रमाण ७० टक्के.

इथून पुढे वर्षाला एकच व्याज भरलं तरी ऑगस्ट २०३० मध्ये कर्ज साधारण ३,५०,००० असेल आणि ६,३०,००० मधून सुमारे २,८०,००० हातात येतील. दोन्ही भरली तर ३,५६,०००. काहीच केलं नसतं, आणि कंपनीने पॉलिसी बंद केली नसती असं क्षणभर धरलं, तरी २०३० मध्ये कर्ज ६,५४,००० च्या वर गेलं असतं. मिळण्याच्या रकमेपेक्षा जास्त.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली जागा ऑगस्ट २०१९. गरज खरी होती, पण ९० टक्के मिळतात म्हणून ९० टक्के घेतले गेले. सुताच्या व्यापाऱ्याची बाकी दोन टप्प्यांत देता आली असती, असं आप्पाच आता सांगतात. ६० टक्क्यांचं, म्हणजे १,५७,००० चं कर्ज घेतलं असतं, आणि पुढचं सगळं अगदी असंच घडलं असतं, हप्ते बंद आणि व्याजही बंद, तरी हेच गुणक धरून २०२५ मध्ये प्रमाण ६९ टक्के असतं आणि २०३० मध्येही तेवढंच. कर्जाने पॉलिसीला गाठलंच नसतं.

दुसरी जागा ऑगस्ट २०२०. तेव्हा त्यांच्याकडे हप्ता किंवा व्याज यांपैकी एकासाठी कसेबसे पैसे होते, आणि दोन्हीला पुरत नाहीत म्हणून त्यांनी काहीच भरलं नाही. व्याज भरा, असं बरेच जण सांगतील. या प्रकरणात मी हप्ता भरायला सांगितला असता. व्याज चढलं असतं, पण पॉलिसी चालू राहिली असती, बोनस आला असता, पाच लाखांचं संरक्षण राहिलं असतं, आणि पुढच्याच वर्षी साखर निघाली तेव्हा पुन्हा प्रकृतीची परीक्षा द्यावी लागली नसती. घड्याळ कर्ज घेतलं तेव्हा नाही, हप्ता थांबला तेव्हा सुरू झालं.

तिसरी जागा माझी आहे. चौथ्या पर्यायावर एकमत झाल्यावर मी पॉलिसी पुन्हा चालू करण्याचा अर्ज टाकूनच पाहिला नाही. मधुमेह आहे म्हणजे नकारच येईल असं मी धरून चाललो. तपासण्या घेऊन, कदाचित थोडा जादा हप्ता लावून, कंपनीने होकार दिलाही असता. पैशांची सोय त्या वेळी नव्हती हे खरं, पण निदान उत्तर हातात असतं, आणि ऑगस्ट २०२५ ला पाच वर्षांची मुदत संपण्याआधी आप्पांच्या मुलीला त्यावर विचार करता आला असता. ती मुदत आता गेली आहे.

येत्या फेब्रुवारीच्या व्याजाची रक्कम मुलीने वेगळ्या बचत खात्यात ठेवायला सुरुवात केली आहे. महिन्याला २,३०० रुपये. सहा महिन्यांत ते १३,८०० होतात आणि व्याज १३,७०३ आहे.